अजून ठरवतेय

३ मार्चला वहिनीच्या कार्डातून चारशे एकोणऐंशी रुपये वजा झाले. ते तिने स्वतःसाठी खर्च केले नव्हते. नणंदेच्या फोनवर जोडीदार शोधायचं जे ॲप होतं, त्याची एका महिन्याची वर्गणी तिने भरली होती. नणंद समोर बसून नको नको म्हणत होती, पण फोन वहिनीच्या हातात होता.

"उसने समज," वहिनी म्हणाली. "काही ठरलं तर परत दे. नाही ठरलं तर माझी हौस म्हणून सोडून देईन."

"ठरलं म्हणजे नक्की काय?"

"ते ठरलं की कळतं."

नणंदेला असली उत्तरं पटत नसत. ती लोकांचे कान तपासायची आणि तिच्या कामात 'कळतं' या शब्दाला किंमत नव्हती. कागदावर खूण उमटली तर कळलं, नाहीतर नाही.

घरात तिला छकुली म्हणत. हे नाव पडलं तेव्हा ती दीड वर्षाची होती. आता सदतीसची झाली होती, केसात मेंदी लावायला लागली होती, पण नावाचा फेरविचार कुणी केला नव्हता. दादा आणि वहिनी समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. दोन्ही दारं समोरासमोर असल्यामुळे एका घरातलं भांडण दुसऱ्या घरात जाऊन पूर्ण करता येई.

कान तपासायची खोली म्हणजे एका दवाखान्याच्या टोकाला असलेलं, आतून फोम चिकटवलेलं लाकडी खोकं. दार लावलं की बाहेरचं जग बंद. आत एक खुर्ची, कानावर लावायचं यंत्र आणि हातात धरायचं बटण. काचेच्या पलीकडे छकुली. ऐकू आलं की बटण दाबायचं, एवढंच पेशंटचं काम. पण हे एवढंसं काम लोकांना जमत नसे. कुणी काचेपलीकडच्या यंत्रावरच्या तिच्या हाताकडे बघून दाबी, कुणी तोंडाकडे बघून, आणि कुणी ठरावीक वेळ गेली की आता आला असेल बुवा, म्हणून दाबून टाकी. कान गेला आहे हे कुणालाच मान्य करायचं नसतं. त्यामुळे "ऐकू आलं का?" असं विचारायचं नसतं. त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं.

तिची पद्धत ठरलेली होती. सुरुवातीला एक मोठा, स्पष्ट आवाज ऐकवायचा. "हा असा आवाज येईल, हा ओळखून ठेवा," म्हणून सांगायचं. मग तो पायरीपायरीने खाली आणायचा. बटण थांबलं की थोडा वर न्यायचा, पुन्हा खाली. मध्ये लांब शांतता ठेवायची, आणि ती सारखी लांब ठेवायची नाही, म्हणजे कुणी अंदाजाने दाबायला नको. बारा वर्षं ती हेच करत होती. डॉक्टर तिच्या कागदावर न बघता सही करत.

अशा बाईला ॲपवर मात्र काही ऐकू येत नव्हतं, आणि त्याला कारण होतं.

दीड वर्ष ती एका माणसाबरोबर फिरत होती. तो चष्म्याच्या काचा घासायचा. दर शनिवारी भेट, जेवण, कधी सिनेमा. तिने कधी विचारलं नाही, कारण विचारायची गरज वाटली नाही. शनिवार ठरलेला होता, आणि जे ठरलेलं आहे ते टिकणारं आहे असं ती धरून चालली. मग एका दुकानात त्याचा जुना मित्र भेटला आणि चष्मेवाल्याने ओळख करून दिली: "ह्या आमच्या ओळखीच्या." ती हसली, नमस्कार केला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली. घरी आल्यावर फोनवरून त्याला विचारलं. तो अगदी सरळ होता. म्हणाला, "अगं, मला वाटलं तुलाही असंच हवंय. तू कधी काही बोलली नाहीस." यात त्याचा दोष काढता येईना, हेच जास्त लागलं.

ज्याचं दुधाने तोंड पोळलं तो ताकही फुंकून पितो. छकुलीने ताक फुंकलं नाही, त्याची चौकशी सुरू केली. ॲप घेतल्यावर पहिल्या पाच जणांना तिने पेशंटची माहिती घ्यावी तशी माहिती विचारली. इथे येण्याचा उद्देश काय? किती दिवसांपासून? आधीचं नातं कशाने संपलं, हळूहळू की एकदम? दोन वर्षांनी स्वतःला कुठे बघता? सगळे प्रश्न एकाच मेसेजमध्ये, खाली "कृपया क्रमाने उत्तरं द्या". तिघं गप्प झाले. एकाने "जरा बाहेर आहे, नंतर बोलतो" असं कळवलं, आणि तो अजून बाहेरच आहे. पाचव्याने लिहिलं, "मॅडम, जामीन मिळेल का?"

तो मेसेज तिने वहिनीला दाखवला. वहिनी इतकी हसली की दादा समोरच्या घरातून बघायला आला.

वहिनी गाद्यांच्या दुकानात विक्रीला होती. गादी ही वस्तू माणूस दहा-बारा वर्षांतून एकदा घेतो आणि घेताना आपण फक्त बघायला आलोय असं दाखवतो. त्यामुळे माणसाच्या पोटातलं न विचारता काढायची तिला सवय होती.

"गिऱ्हाईक आलं की मी 'बजेट किती' विचारते का कधी? विचारलं की ते दाराकडे बघतं. मी म्हणते, आडवे होऊन बघा, काही घ्यायचं नाही. मग ते आडवं होतं. एका कुशीवर झोपलं तर एकटं आहे. मधोमध झोपलं तर घटस्फोट झालाय. एका कडेला झोपून दुसरी कड हाताने चाचपडलं, तर दोघांसाठी घ्यायचीय."

"आणि जे पालथं झोपतं?" दादाने विचारलं.

"त्याला फक्त झोप आलेली असते. तुमच्यासारखं."

त्या दिवसापासून वहिनीची शिकवणी सुरू झाली. वर्गणीही त्याच हेतूने भरलेली. पैसे भरले की समोरचा काय शोधतोय त्यावरून गाळता येत होतं. ॲपवर प्रत्येकासाठी एक रकाना असे: टिकणारं नातं, टिकणारं पण थोडक्यातलंही चालेल, थोडक्यातलं, नुसती मैत्री, आणि शेवटी 'अजून ठरवतेय'. छकुलीने पहिलं निवडलं होतं. वहिनीने शेवटचं लावायला सांगितलं.

"पण माझं ठरलंय."

"ठरलंय ते पोटात ठेव. पहिल्यालाच 'टिकणारं' म्हटलंस की माणूस बिचकतो. दुकानाच्या काचेवर किंमत लावतं का कुणी?"

"लावतात की," दादा म्हणाला. "तुमच्याच दुकानात लावलीय."

"तुम्ही पालथे झोपा."

छकुलीने बोटाने 'अजून ठरवतेय' दाबलं.

शिकवणीतल्या बाकीच्या गोष्टी मात्र उपयोगी निघाल्या. एका वेळी एकच विचारायचं. विचारायचं ते बोलण्याच्या ओघात, आणि दोन्ही उत्तरं चालतील अशा बेताने, म्हणजे समोरच्याला खोटं बोलायची गरज पडत नाही. शब्दांपेक्षा माणूस वेळ कशी मागतो ते बघायचं. आणि जे उत्तर येईल ते तसंच घ्यायचं, त्याला रंधा मारत बसायचं नाही.

पहिला प्रयोग एका विमा एजंटावर झाला. तो गोड बोलायचा, पण फक्त रात्री अकरानंतर. "जागी आहेस?" हा त्याचा नमस्कार होता. पूर्वीच्या छकुलीने त्याला उद्देश विचारला असता. आताच्या छकुलीने लिहिलं, "रविवारी सकाळी नदीकाठी फिरायला जाते मी. येताय का? नंतर कॉफी." त्याने लिहिलं, "सकाळचं नको ग, संध्याकाळी उशिरा तुझ्याकडे?" तिने पुढच्या आठवड्यातली दुपार सुचवली. तो म्हणाला आठवड्याचं आत्ताच कसं सांगू. आठवडाभर पुढचं ज्याला सांगता येत नाही तो लोकांना वीस वर्षांचा विमा विकत होता. तिने लिहिलं, "आपल्या वेळा जुळत नाहीत असं दिसतंय. शुभेच्छा." त्याने अंगठा पाठवला. दोघांनाही वाईट वाटलं नाही.

दुसरा एका हॉटेलातला आचारी. बोलायला मोकळा, विनोद करणारा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोलता बोलता तिने विचारलं, "इथे कसं चाललंय तुमचं? काही टिकणारं बघताय की सध्या नुसतं भेटणं-बिटणं? दोन्ही ठीकच, फक्त माहीत असलेलं बरं." उत्तर लगेच आलं. तो पाच-सहा महिन्यांत दुसऱ्या देशात नोकरीला जाणार होता. तोवर सोबत हवी होती, त्यापुढचं वचन तो कुणाला देणार नव्हता, आणि विचारलंत ते बरं केलंत, असंही त्याने लिहिलं. छकुलीला त्याच्याबद्दल आदर वाटला. तिने आपल्याला ते जमणार नाही असं कळवलं आणि शुभेच्छा दिल्या. त्याने जाता जाता कांदा न रडता कसा चिरायचा ते सांगितलं.

वहिनी हळहळली. "सहा महिन्यांत मन बदलतं ग माणसाचं. धरून ठेवायचा होतास."

"वहिनी, पेशंटने बटण दाबलं नाही तर मी 'दाबेल नंतर' असं लिहून घरी पाठवते का?"

वहिनीने विषय बदलला.

मग ड्रायव्हिंग मास्तर आला. वय बेचाळीस. फोटोत गाडीच्या डाव्या बाजूला बसलेला, पायाशी जादा ब्रेक. 'काय शोधताय' हा रकाना रिकामा. मेसेज लहान, पण दररोज, दुपारच्या सुट्टीत. शिकाऊ लोकांच्या हकिकती सांगायचा. एक आजोबा प्रत्येक सिग्नलला गाडी बंद करून किल्ली खिशात ठेवत. एक मुलगी वळताना डोळे मिटायची. छकुली ते वाचून खोक्यात शिरून दार लावून हसायची. बाहेर आवाज जात नसे, ही खोलीची सोय.

तिने ओघात विचारलं, "ॲपवर कसे काय आलात?"

"मेहुण्याने घातलं. बाहेर पडायचं बटण सापडत नाहीये."

"सापडलं तर पडाल?"

"कोण बरोबर पडतंय त्यावर आहे."

उत्तर छान होतं, पण काहीच सांगत नव्हतं. तिने ओढून ताणून पुढे विचारलं नाही. शिकवणी पक्की झाली होती.

एका बुधवारी दुपारी ते भेटले. दोघांच्या कामाच्या ठिकाणांमध्ये पडेल असं कॉफीचं दुकान, भर गर्दीची वेळ, तासाभराची भेट. तो वेळेआधी आला होता आणि दाराकडे तोंड करून बसला होता. ती बसल्यावर त्याने खुर्ची तिच्याकडे फिरवली.

"सवय आहे," तो म्हणाला. "मागे काय चाललंय ते बघायची."

"मला दार बंद करायची सवय आहे."

"म्हणजे आपण दोघं मिळून सुरक्षित."

तिला तो आवडला. फार आवडला, आणि तिथेच तिची पंचाईत सुरू झाली. चष्मेवालाही पहिल्या दिवशी आवडला होता. या वेळी आधीच कळायला हवं होतं, पुन्हा दीड वर्ष घालवायची तिची तयारी नव्हती. पण जितकं कळायला हवं होतं तितकं विचारणं जड होत होतं, म्हणून ती आणखी हलकी झाली. त्याने विचारलं, "तुम्ही किती दिवस आहात ॲपवर?" ती म्हणाली, "झाले थोडे. बघतेय आपलं. काही घाई नाही."

तो "अच्छा" म्हणाला आणि कॉफी ढवळायला लागला. साखर त्याने घातली नव्हती.

दुसरी भेट पुढच्या रविवारी नदीकाठी. सकाळी साडेसातला तो आला हे तिने मनात जमेच्या बाजूला लिहिलं. त्याने बोलता बोलता सांगितलं की पावसाळ्याआधी तो बहिणीच्या गावी गाडी घेऊन जातो, रस्ता सुंदर आहे, बरोबर कुणी असलं तर चांगलं. ही दोन महिन्यांपुढची गोष्ट होती. विमा एजंटाला आठवड्यापुढचं सांगता आलं नव्हतं. छकुलीला उडी मारावीशी वाटली. तिने मारली नाही.

"बघू," ती म्हणाली. "तेव्हाचं तेव्हा. घाई काय आहे?"

नंतर तो कमी बोलला. परत येताना तिच्या बुटाची नाडी सुटलेली त्याने दाखवली, ती बांधेपर्यंत थांबला, आणि नीट निरोप घेऊन गेला.

वहिनीला तिने सगळं सविस्तर सांगितलं. वहिनीने शंभरपैकी पंचाण्णव गुण दिले. दादा भाजी चिरत होता. तो म्हणाला, "त्याला काय कळलं असेल पण?"

"काय कळायचंय त्याला? कळायचंय ते आपल्याला."

"तेच म्हणतोय," दादा म्हणाला आणि कांद्याकडे वळला. आचाऱ्याची युक्ती त्याला कुणी सांगितली नव्हती, त्यामुळे तो रडत होता.

गुरुवारी सकाळी दोन पेशंटच्या मध्ये मेसेज आला. दुपारच्या सुट्टीत न येता सकाळी आला, तेव्हाच तिला शंका आली.

"नमस्कार. तुमच्याशी बोलायला आवडतं, म्हणून उगाच लांबवत नाही. मला वाटतं आपण वेगळ्या गोष्टी शोधतोय. तुमच्या माहितीत 'अजून ठरवतेय' आहे आणि दोन्ही भेटींत तुम्ही घाई नाही म्हणालात. त्यात चूक काहीच नाही. पण मी बेचाळीसचा आहे, मला टिकणारं हवं आहे, आणि हलकंफुलकं मला झेपत नाही. तुमच्यावर दडपण यायला नको. शुभेच्छा."

'शुभेच्छा' हा शब्द तिने स्वतः दोघांना पाठवला होता. मिळाल्यावर तो कसा वाटतो ते पहिल्यांदा कळलं.

बाहेर पुढचे पेशंट येऊन बसले होते. निवृत्त गृहस्थ, बरोबर बायको. बायकोने सांगितलं की त्यांना हाक ऐकू येत नाही. ते म्हणाले, "ऐकू येतं, उत्तर द्यावंसं वाटत नाही." छकुलीने त्यांना आत बसवलं, यंत्र चढवलं, दार लावलं आणि काचेपलीकडे जाऊन थेट बारीक आवाज सोडायला सुरुवात केली. काका बटण दाबेनात. मध्येच दाबत, तेही आवाज नसताना. तिने चाचणी थांबवली आणि दार उघडलं.

"काका, कशाला दाबताय? आवाज नव्हता आत्ता."

"मला काय ठाऊक आवाज कसला येणार आहे? घंटी वाजणार, की माणूस बोलणार, की बाजा? तुम्ही सांगितलंच नाहीत. आपला अंदाजाने दाबतोय."

"मी आधी मोठा आवाज ऐकवला नाही का?"

"नाही हो बाई."

बारा वर्षांत पहिल्यांदा तिने ती पायरी गाळली होती. तिने "माफ करा" म्हटलं, पलीकडे गेली, आणि मोठा, स्वच्छ आवाज सोडला. काकांनी ताबडतोब बटण दाबून काचेतून मान हलवली. पुढची सगळी चाचणी सुरळीत झाली. उजवा कान चांगला होता. डाव्याला श्रवणयंत्र लागणार होतं. बायको नेहमी डावीकडे बसत असे.

कागद डॉक्टरांकडे पाठवून छकुली खोक्यात जाऊन बसली. दार लावून घेतलं. तिथे स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही. तिने एजंटाकडून, आचाऱ्याकडून, मास्तराकडून काय काय काढून घेतलं होतं ते आठवलं. तिने त्यांना काय ऐकवलं होतं ते आठवायला गेली तर 'बघू' आणि 'घाई नाही' एवढंच निघालं. मास्तराने अंदाजाने दाबलं होतं. चष्मेवाल्यालाही तिने दीड वर्ष असंच बसवून ठेवलं होतं, आणि मग त्याने बटण का दाबलं नाही म्हणून रडली होती.

तिने उत्तर लिहायला घेतलं. पहिला मसुदा फार लांब झाला. त्यात चष्मेवाला होता, वहिनी होती, गाद्या होत्या. तो पुसला. दुसरा फार छोटा झाला: "तसं नाहीये." तोही पुसला. शेवटी पाठवला तो असा:

"'अजून ठरवतेय' हे खोटं आहे. वहिनीच्या सांगण्यावरून लावलं, पण बोट माझंच होतं. मलाही टिकणारंच हवंय. ते तुमच्याबरोबरच, असं आज म्हणत नाही, दोनदाच तर भेटलोय. पण शोध त्याचाच आहे. तुम्ही बिचकाल म्हणून सांगितलं नाही. आता तुमचं मन उठलं असेल तर तेही समजेन. बहिणीच्या गावचा रस्ता मला बघायचा होता."

मग तिने रकाना बदलला आणि फोन खणात टाकला.

दुपारी उत्तर नाही. संध्याकाळी नाही. चार ते सात त्याची शिकवणी असते आणि तेव्हा तो फोन मागच्या सीटवर टाकतो, हे तिला माहीत होतं. माहीत असून उपयोग होत नाही. वहिनी दोनदा येऊन "काही?" विचारून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पंचाण्णव गुणांचा काहीच मागमूस नव्हता.

"माझ्यामुळे झालं ना ग?"

"बोट माझं होतं."

"दुकानात खरंच लावतात ग किंमत," वहिनी बारीक आवाजात म्हणाली. "मी आपलं बोलायचं म्हणून बोलले."

सव्वासातला फोन वाजला.

"उजवा इंडिकेटर देऊन डावीकडे वळणाऱ्याला मी नापास करतो," मास्तराने लिहिलं होतं.

छकुलीने फोन वहिनीला न दाखवता टाइप केलं, "फेरपरीक्षा असते का?"

"असते. सात दिवस जाऊ द्यावे लागतात, नियम आहे. येत्या नाही, त्यापुढच्या रविवारी. साडेसात. बुटाच्या नाड्या बांधून या."

मधले दिवस दोघं रोज दुपारी बोलत होते, त्यामुळे सात दिवस जाऊ देण्याला तसा अर्थ राहिला नव्हता, पण नियम पाळला गेला.

फेरपरीक्षेच्या दिवशी नदीकाठच्या बाकावर दोघं बसले आणि जे पहिल्याच बुधवारी बोलायचं ते बोलले. त्याला अर्धा तासही लागला नाही. तिने आधी आपलं सांगितलं: तिला घर हवं होतं ज्यात दुसरं माणूस असेल. लग्न लगेच हवंच असं नाही, पण ओळखीच्या म्हणून ओळख करून दिलेली तिला चालणार नव्हती. तो म्हणाला, टिकणारं म्हणजे त्याच्या लेखी एका वेळी एकच माणूस आणि अडचण आली तर गाडी सोडून उतरून न जाणं. बाकी पुढचं पुढे. बहिणीला तो अजून सांगणार नव्हता, कारण बहिणीला सांगितलं की गावाला कळतं.

"मी ॲपवर बाकी कुणाशी बोलणं थांबवलंय," तो म्हणाला. "तुम्हीही थांबवा असं म्हणत नाही. तुमच्या माहितीसाठी सांगितलं."

"मी गुरुवारीच थांबवलं. बोलणारं कुणी उरलंही नव्हतं."

"म्हणजे स्पर्धा नव्हती?"

"एक आचारी होता. चांगला होता."

"गेला?"

"जाणार आहे. परदेशी."

"जाऊ दे त्याला," मास्तर समाधानाने म्हणाला.

मग त्याने विचारलं, "परीक्षेचं काय? मी परीक्षक आहे ना?"

"निकाल काय?"

"शिकाऊ परवाना. सहा महिने. बरोबर जाणता माणूस बसलेला असला पाहिजे."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर पक्का. पण तुम्ही आधीच विचारलंत हे बरं केलंत."

त्याने तिच्या बुटांकडे पाहिलं. नाड्या बांधलेल्या होत्या, दुहेरी गाठ मारून.

ती घरी आली तेव्हा दोन्ही दारं उघडी होती आणि वहिनी पायऱ्यांवरच उभी होती. छकुलीने सगळं सांगितलं. वहिनी मध्ये एकदाही बोलली नाही, हे या घरात पूर्वी झालं नव्हतं.

"मग ठरलं म्हणायचं का?" शेवटी तिने विचारलं.

"शिकाऊ ठरलं."

"शिकाऊला पूर्ण पैसे लागतात की अर्धे?" दादाने आतून विचारलं.

"पूर्ण," छकुली म्हणाली. "आत्ता देते. चारशे एकोणऐंशी ना?"

वहिनीने फोन काढला आणि आकडा पक्का करायला बँकेचे मेसेज उघडले. बराच वेळ ती बघत राहिली. मग फोन दादाला दिला. दादाने चष्मा लावून बघितलं.

"तीन एप्रिल," तो वाचत म्हणाला. "पुन्हा चारशे एकोणऐंशी वजा. आपोआप."

"बंद करायचं होतं का ते?" वहिनी म्हणाली.

"तूच भरलंस ना?"

"भरायचं कळलं. बंद करायचं कुणी सांगितलं नाही."

तिघांनी मिळून ॲपमध्ये बाहेर पडायचं बटण शोधलं. ते चार पानं आत होतं आणि आधी तीनदा 'नक्की का?' विचारत होतं. तिन्ही वेळा छकुलीने हो दाबलं. मास्तराला ते का सापडलं नाही ते आता कळलं. वहिनीने पैसे आज घ्यायला नकार दिला, कारण दुसरा महिना तिच्या चुकीचा होता की नणंदेच्या, हे आधी ठरायला हवं होतं, आणि त्यावर दोन्ही घरांत एकमत झालं नाही.

वहिनीचे नऊशे अठ्ठावन्न द्यायचे राहिले आहेत.